फुली-गोळ्यात मिनिमॅक्स चाल कशी निवडतं, आणि जिंकायची चाल का सोडतं?

प्रश्न: फुली-गोळ्याचा प्रोग्राम पायथनमध्ये लिहिलाय, मिनिमॅक्स वापरून. तो हरत नाही, पण समोर जिंकायची चाल दिसत असताना ती सोडून भलत्याच घरात फुली टाकतो. मधूनच सुरू केलेल्या एका पटावर तर त्याने माझी तिसरी खूण अडवलीसुद्धा नाही. मिनिमॅक्स नेमकी चाल निवडतं कसं, आणि माझं कुठे चुकतंय?

उत्तर:

बहुतेक तुमचं मिनिमॅक्स बरोबर आहे, गुण देण्याची पद्धत अपुरी आहे. जिंकलो तर +१, हरलो तर −१, बरोबरी झाली तर ०, एवढंच सांगितलं असेल तर त्याला जिंकणं कळतं, लवकर जिंकणं कळत नाही. आत्ता जिंकलं काय आणि दोन चालींनी जिंकलं काय, त्याच्या हिशेबी दोन्ही +१. पण हे नीट पटायला एक पट हातानेच सोडवून पाहावा लागेल. तीन रिकामी घरं असलेला पट घेऊ, म्हणजे अख्खं झाड कागदावर मावेल.

घरांना वरून खाली, डावीकडून उजवीकडे ० ते ८ असे क्रमांक देऊ. रिकाम्या घरात त्याचा क्रमांक लिहिलाय. प्रोग्राम फुली खेळतोय आणि पाळी फुलीची आहे:

```
 X | 1 | O
 O | O | 5
 X | 7 | X
```

हा पट ओढूनताणून बनवलेला नाही. फुलीने कोपरा घेतला (०), गोळ्याने मधलं घर (४), फुलीने समोरचा कोपरा (८), आणि इथे गोळ्याने नेहमीची चूक केली: कडेचं घर घ्यायचं सोडून कोपरा घेतला (२). मग फुलीला ६ मध्ये अडवावंच लागलं, आणि अडवता अडवता तिचे दोन धोके एकदम उभे राहिले, ३ आणि ७. गोळ्याने ३ अडवलं, आणि आता त्याचा स्वतःचा धोका ५ मध्ये आहे, कारण ३ आणि ४ त्याचेच आहेत.

मिनिमॅक्स पटाकडे बघून "हे घर चांगलं दिसतंय" असं काही ठरवत नाही. ते प्रत्येक रिकाम्या घरात फुली टाकून बघतं, मग गोळ्याचं प्रत्येक उत्तर टाकून बघतं, मग पुन्हा फुली, असं डाव संपेपर्यंत. संपलेल्या डावालाच फक्त गुण मिळतात. ते गुण झाडातून वर येताना एकच नियम पाळतात: फुलीची पाळी असेल तिथे खालच्या फांद्यांमधला सगळ्यात मोठा गुण वर जातो, गोळ्याची पाळी असेल तिथे सगळ्यात लहान. दोघेही चोख खेळतात असं गृहीत धरलेलं आहे.

आधी साधे गुण घेऊन, +१, ०, −१, बघू.

फुलीने १ घेतलं, तर गोळ्याकडे ५ आणि ७ उरतात. गोळा ५ मध्ये गेला तर ३-४-५ पूर्ण होऊन तो जिंकतो, −१. गोळा ७ मध्ये गेला तर फुली ५ भरते आणि डाव बरोबरीत सुटतो, ०. पाळी गोळ्याची आहे, म्हणून तो −१ निवडेल. घर १ ची किंमत −१.

फुलीने ५ घेतलं, तर गोळ्याची ओळ अडली. आता गोळ्याकडे १ आणि ७. त्याने १ घेतलं तर फुली ७ भरून खालची ओळ पूर्ण करते, +१. त्याने ७ घेतलं तर शेवटचं घर १ फुलीला जातं आणि काहीच जुळत नाही, ०. लहान निवडायचं, म्हणून घर ५ ची किंमत ०.

फुलीने ७ घेतलं, तर ६-७-८ तिथेच पूर्ण. डाव संपला, +१.

आता वरच्या पातळीला −१, ० आणि +१ आले. इथे पाळी फुलीची, मोठं निवडायचं, म्हणून चाल ७.

घर ५ कडे जरा थांबून बघा, मिनिमॅक्सचा सगळा स्वभाव तिथे दिसतो. त्या फांदीत फुलीचा एक विजय आहे आणि एक बरोबरी आहे. सरासरी काढली असती तर ते घर अर्ध्या गुणाचं वाटलं असतं. पण तो विजय गोळ्याने ७ अडवायचं विसरण्यावर अवलंबून आहे. मिनिमॅक्स समोरच्याच्या चुकीवर एक पैसाही लावत नाही, म्हणून ५ ची किंमत शून्यच.

हेच कोडमध्ये असं उतरतं. `X` मोठे गुण शोधतो, `O` लहान:

```python
LINES = [(0,1,2),(3,4,5),(6,7,8),
         (0,3,6),(1,4,7),(2,5,8),
         (0,4,8),(2,4,6)]

def winner(b):
    for i, j, k in LINES:
        if b[i] != ' ' and b[i] == b[j] == b[k]:
            return b[i]
    return None

def minimax(b, turn, depth):
    w = winner(b)
    if w == 'X': return 10 - depth
    if w == 'O': return depth - 10
    if ' ' not in b: return 0
    scores = []
    for i in range(9):
        if b[i] == ' ':
            b[i] = turn
            other = 'O' if turn == 'X' else 'X'
            scores.append(minimax(b, other, depth + 1))
            b[i] = ' '
    return max(scores) if turn == 'X' else min(scores)

def best_move(b):
    best, move = -100, None
    for i in range(9):
        if b[i] == ' ':
            b[i] = 'X'
            s = minimax(b, 'O', 1)
            b[i] = ' '
            if s > best:
                best, move = s, i
    return move
```

यात `10 - depth` आणि `depth - 10` या दोन ओळी तुमच्या पहिल्या तक्रारीचं उत्तर आहेत. त्या नसतील तेव्हा काय होतं, हे या दुसऱ्या पटावर बघा. पाळी पुन्हा फुलीचीच आहे:

```
 0 | O | 2
 O | X | O
 X | X | 8
```

फुलीचे दोन धोके उघडे आहेत: २ भरलं की ६-४-२ ची तिरकी ओळ, ८ भरलं की खालची ओळ. माणूस डोळे झाकून दोन्हींपैकी एक भरेल. साध्या गुणांचा प्रोग्राम मात्र घर ० पासून सुरुवात करतो. ० मध्ये फुली टाकली तर गोळ्याला एकच चाल मिळते. त्याने २ अडवलं तर फुली ८ भरून जिंकते, ८ अडवलं तर २ भरून जिंकते. म्हणजे घर ० ची किंमतही +१. मग २ ची +१, ८ ची +१. तिन्ही समान, आणि तुलना `>` ने होत असल्यामुळे पहिली सापडलेली चाल टिकते. प्रोग्राम ० मध्ये फुली टाकतो. तुम्हाला वाटतं त्याला जिंकायची चाल दिसली नाही. त्याला ती दिसली होती, पण ० पेक्षा चांगली वाटली नाही.

डेप्थ वजा केली की हेच गुण वेगळे होतात. २ किंवा ८ मध्ये पहिल्याच चालीला विजय, म्हणून १० − १ = ९. घर ० मधून विजय तिसऱ्या चालीला, म्हणून १० − ३ = ७. आता ९ जिंकतो. आधीच्या पटावर हेच गुण लावले तर १ ची किंमत −८ (गोळा दुसऱ्या चालीला जिंकतो), ५ ची ०, ७ ची ९ येते. निवड तीच राहते.

दहाच का? तो आकडा फक्त डेप्थपेक्षा मोठा हवा. डाव जास्तीत जास्त नऊ चालींचा, म्हणून दहा पुरतो. विजय कितीही उशिरा आला तरी त्याचे गुण शून्याच्या वर राहतात आणि बरोबरीशी गल्लत होत नाही. मोठ्या पटावर हा आकडा वाढवायला विसरू नका. ४×४ वर डेप्थ सोळापर्यंत जाते, तिथे दहा ठेवलात तर अकराव्या चालीपासून पुढचे विजय ऋण गुणांचे होतील आणि प्रोग्राम जिंकणं टाळायला लागेल.

आता न अडवण्याची गोष्ट. समजा प्रोग्राम गोळा खेळतोय. फुली ० आणि ४ वर आहे, गोळा १ वर, आणि पाळी गोळ्याची. फुलीचा धोका ८ मध्ये आहे. अडवणं उघड आहे, पण अडवूनही गोळा हरतोच: तो ८ मध्ये गेला की फुली ३ मध्ये जाते, ३-४-५ आणि ०-३-६ अशा दोन ओळी एकदम उघडतात आणि गोळ्याकडे एकच चाल असते. साध्या गुणांत गोळ्याच्या सहाही चाली हरणाऱ्या, सगळ्या सारख्या. म्हणून तो पहिलं रिकामं घर, म्हणजे २, भरतो आणि फुली पुढच्याच चालीला ८ भरते. बघणाऱ्याला प्रोग्राम बिघडलाय असं वाटतं. डेप्थ धरली की २ मध्ये गेल्यावर फुलीला १० − २ = ८ मिळतात, ८ अडवल्यावर विजय चौथ्या चालीला येतो म्हणून १० − ४ = ६. गोळा लहान आकडा शोधतो, तो ६ घेतो आणि अडवतो. माणसाबरोबर खेळताना या लांबवण्याला फार अर्थ आहे, कारण माणूस मधे चुकू शकतो.

इथे एक सूचना: वरचं `best_move` फक्त फुलीसाठी आहे. प्रोग्रामला गोळा द्यायचा असेल तर त्यात `'O'` टाकून `minimax(b, 'X', 1)` बोलवायचं, `best` ची सुरुवात `100` पासून करायची आणि तुलना `<` ने करायची. ही अदलाबदल अर्धवट करणारे खूप जण असतात. मग गोळा स्वतःहून फुलीला जिंकवतो, आणि तेही शक्य तितक्या लवकर. ही खूण दिसली तर दुसरीकडे शोधू नका, चिन्ह उलटं आहे.

दुसरी नेहमीची चूक पाळीची. फुली टाकून झाल्यावर `minimax(b, 'O', 1)` बोलवायचं असतं, कारण आता पाळी समोरच्याची आहे. तिथे चुकून `'X'` राहिलं तर प्रोग्राम समजतो की आपल्याला सलग दोन चाली आहेत. साध्या गुणांनी पहिला पट आठवा: घर १ मध्ये फुली टाकल्यावर पुढची चालही आपलीच असं धरलं तर ७ भरून विजय, म्हणून १ ला +१ मिळतो, आणि तो पहिला सापडलेला असल्यामुळे तोच निवडला जातो. खऱ्या डावात गोळा ५ भरतो आणि जिंकतो. या चुकीची ओळख म्हणजे जिंकता येण्यासारख्या आणि वाचवता येण्यासारख्या पटावरही प्रोग्राम धोका अडवत नाही. वर गोळा खेळणारा साध्या गुणांचा प्रोग्राम हरलेल्या पटावरच अडवत नव्हता. हा फरक तपासला की दोन्ही दोष वेगळे ओळखता येतात.

तिसरी, खूण पुसायला विसरणं. पायथनमध्ये यादी फंक्शनला दिली की तिची नक्कल होत नाही, खालच्या प्रत्येक पातळीवर तोच पट असतो. `b[i] = ' '` राहिलं तर पहिल्याच फांदीत पट भरून जातो आणि पुढच्या फांद्यांना रिकामं घरच मिळत नाही. हे लगेच दिसतं. लपून राहते ती याचीच धाकटी बहीण: लूपमधून मधेच `break` किंवा `return` करताना पुसण्याची ओळ त्याच्या खाली राहते. तेव्हा बहुतेक चाली बरोबर येतात आणि कधीतरी पटावर भुताची खूण उगवते. पुसण्याची ओळ रिकर्शनच्या हाकेच्या लगेच खाली ठेवा, त्या दोन्हींच्या मध्ये काहीही घालू नका.

चौथी, तपासण्याचा क्रम. पट भरला का हे आधी आणि कोण जिंकलं हे नंतर विचारलं, तर नवव्या चालीला झालेला विजय बरोबरी म्हणून मोजला जातो. नववी चाल नेहमी पहिल्या खेळाडूची असते, त्यामुळे नुकसानही नेहमी फुलीचंच होतं.

हे सगळं डोळ्यांनी शोधण्यापेक्षा मोजून शोधणं बरं. फुली-गोळ्याचे आकडे ठरलेले आहेत, त्यांच्याशी ताडून पाहा. रिकाम्या पटावर `best_move` चालवा आणि `minimax` किती वेळा बोलावलं गेलं ते एका ग्लोबल काउंटरमध्ये मोजा. उत्तर ५,४९,९४५ यायला हवं. डाव संपल्याच्या ठिकाणी किती वेळा पोचलो ते मोजलं तर २,५५,१६८ यायला हवं; त्यात फुलीचे विजय १,३१,१८४, गोळ्याचे ७७,९०४ आणि बरोबरी ४६,०८०. एकूण हाका ९,८६,४०९ आल्या तर कुणी जिंकल्यावरही प्रोग्राम पट भरेपर्यंत खेळत राहतोय, म्हणजे `winner` ची तपासणी पट भरल्यावरच होतेय. फुलीचे विजय कमी आणि बरोबरी तितकीच जास्त आली, तर ती चौथी चूक. आणि रिकाम्या पटावर नऊच्या नऊ घरांची किंमत ० यायलाच हवी, कारण दोघे चोख खेळले तर हा खेळ बरोबरीतच सुटतो. एखादं घर शून्याहून वेगळं आलं तर पाळी, चिन्ह किंवा ओळींच्या यादीत गडबड आहे. आठ ओळी हाताने लिहिताना (2,4,6) च्या जागी (2,4,8) लिहिलेलं बऱ्याचदा सापडतं.

साडेपाच लाख हाका पायथनला जड जातात. पहिल्या चालीला काही सेकंद थांबावं लागतं, पुढच्या चाली झटपट येतात. यावर सोपा उपाय आहे. वेगवेगळ्या क्रमाने खेळून तोच पट परत परत समोर येतो. वेगळे पट मोजले तर रिकाम्या पटासकट ते फक्त ५,४७८ आहेत. म्हणून एकदा काढलेली किंमत डिक्शनरीत ठेवायची, किल्ली `tuple(b)`. पाळी कोणाची हे खुणा मोजून कळतं, ती किल्लीत वेगळी घालायची गरज नाही.

पण इथे डेप्थ दगा देते. एका शोधात तोच पट नेहमी त्याच डेप्थला येतो, म्हणून तोपर्यंत सगळं ठीक. पुढच्या चालीला मात्र डेप्थ पुन्हा १ पासून सुरू होते आणि डिक्शनरीत मागच्या शोधाचे गुण पडून असतात. काही गुण जुन्या मोजपट्टीचे, काही नव्या, आणि त्यांची तुलना होते. डिक्शनरी दर चालीला रिकामी करणं हा एक मार्ग. मला त्याहून बरा वाटतो तो दुसरा: डेप्थ काढूनच टाका आणि उरलेल्या रिकाम्या घरांवरून गुण द्या.

```python
    if w == 'X': return 1 + b.count(' ')
    if w == 'O': return -1 - b.count(' ')
```

लवकर जिंकलं तर जास्त घरं रिकामी, म्हणून जास्त गुण. पहिल्या पटावर घर ७ ला ३ मिळतात, ५ ला ०, १ ला −२. क्रम तोच आणि गुण फक्त पटावर अवलंबून, त्यामुळे साठवलेली किंमत कधीच शिळी होत नाही.

आल्फा-बीटा छाटणीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मिनिमॅक्स जमलं की पुढचं पाऊल बहुतेक तेच असतं आणि तिथला एक दोष इतका फसवा आहे की आत्ताच सांगून ठेवतो. छाटणीत तत्त्व असं: मला आधीच एक चांगली चाल सापडली असेल आणि दुसऱ्या चालीला समोरच्याचं एक उत्तर असं मिळालं की ती चाल पहिल्यापेक्षा चांगली असूच शकत नाही, तर तिची बाकीची उत्तरं बघायची गरज नाही.

पहिल्याच पटावर साधे गुण घ्या, पण चालींचा क्रम बदला: आधी ७, मग ५, मग १. घर ७ ने +१ मिळाले, आल्फा, म्हणजे फुलीची आत्तापर्यंतची खात्रीची किंमत, +१ झाला. आता ५. गोळ्याचं पहिलं उत्तर १, त्यावर फुलीचा विजय, +१. यापुढे गोळ्याच्या दुसऱ्या उत्तराने ही किंमत कमीच होऊ शकते, वाढू शकत नाही. आणि +१ तर आधीच हातात आहे. म्हणून छाटणी होते, गोळ्याचं ७ हे उत्तर बघितलंच जात नाही, आणि घर ५ वर +१ परत येतो. त्याची खरी किंमत ० आहे. परत आलेला +१ म्हणजे "जास्तीत जास्त +१" एवढंच. ती किंमत नव्हे, वरची मर्यादा आहे.

तुलना `>` ने असेल तर काही बिघडत नाही, ७ टिकते. पण कुणीतरी `>=` लिहितं, किंवा प्रोग्राम दर वेळी तेच खेळू नये म्हणून सारख्या गुणांच्या चाली यादीत जमवून `random.choice` लावतं. मग पहिल्या प्रकारात दर वेळी आणि दुसऱ्यात निम्म्या वेळा प्रोग्राम जिंकलेला डाव सोडून ५ खेळतो. क्रम १, ५, ७ ठेवला तर दोष दिसतही नाही, म्हणून तो महिनोन्‌महिने लपून राहतो. छाटणी हवी असेल तर मुळाशी फक्त `>` वापरा. विविधता हवी असेल तर मुळाशी प्रत्येक चाल आल्फा आणि बीटा पूर्ण मोकळे ठेवून शोधा, छाटणी खालच्या पातळ्यांवर होऊ द्या. खरं तर ३×३ ला डिक्शनरीच पुरते. ४×४ ला मात्र घरं भरण्याचे क्रमच १६! म्हणजे सुमारे २१ लाख कोटी होतात. तिथे छाटणी तर लागतेच, शिवाय काही चालींनंतर थांबून अपुऱ्या पटाला अंदाजे गुण द्यावे लागतील का, हाही विचार करावा लागतो. गणितज्ञ क्लॉड शॅननने १९५० च्या आपल्या लेखात बुद्धिबळासाठी अंदाजे गुण देण्याची हीच वाट सांगितली होती.

राहिला सारख्या गुणांचा प्रश्न, कारण डेप्थ धरूनही तो पूर्ण सुटत नाही. उदाहरणार्थ, पहिल्या पटाच्या एक पाऊल मागे जा: फुली ०, ६, ८ वर, गोळा २ आणि ४ वर, पाळी गोळ्याची. धोके ३ आणि ७ असे दोन आहेत, त्यामुळे गोळ्याने कुठेही खूण केली तरी फुली दुसऱ्याच चालीला जिंकते. १, ३, ५, ७ चारही चालींचे गुण अगदी समान, आणि प्रोग्राम पहिली म्हणून १ खेळतो. पुन्हा तीच तक्रार येणार की अडवलं नाही. यासाठी गुणांशी खेळू नका, बरोबरी तोडायचा वेगळा नियम लावा: समान गुणांच्या चालींपैकी ती घ्या, जिच्यावर समोरच्याला सगळ्यात कमी बरोबर उत्तरं उरतात. गोळा १ मध्ये गेला तर फुली ३ भरून जिंकते आणि ७ भरूनही. गोळा ३ मध्ये गेला तर फुलीला फक्त ७ जिंकवतं. ते सोडून १ मध्ये गेली तर उलट गोळाच ५ भरून जिंकतो.

हाच नियम पहिल्या चालीलाही लावून पाहा. मिनिमॅक्सच्या हिशेबी नऊही घरं शून्याची. पण फुलीने कोपरा घेतला तर गोळ्याच्या आठ उत्तरांपैकी फक्त मधलं घर त्याला वाचवतं, बाकीची सात हरवतात. फुलीने मधलं घर घेतलं तर चार कोपरे वाचवतात. कडेचं मधलं घर घेतलं तरी वाचवणारी उत्तरं चारच. वरचा कोड घर ० निवडतो तो केवळ ते पहिलं आहे म्हणून. लूप १ पासून सुरू केलात तर तो कडेचं घर निवडेल आणि मिनिमॅक्सच्या दृष्टीने त्यात काहीच चूक नसेल. नियम लावलात की घरांचा क्रम कोणताही ठेवा, सुरुवात कोपऱ्यानेच होते.